नकार, पण कारणासकट

ऑफिसात तिला सगळे 'ठिणगी' म्हणायचे, तेही पाठीमागे. कंपनीसाठी माणसं निवडायचं काम तिचं, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना कळवायचंही तिचंच. या दुसऱ्या कामावरून तिची रोज कुणाशी तरी जुंपायची.

त्या सकाळी गोदामाच्या साहेबांशी जुंपली. पाळीप्रमुखाच्या जागेसाठी शेवटी दोघे उरले होते. एकाने होकार देऊन सही केली. दुसऱ्याला नकार कळवायचा होता, आणि दुपारी त्याची दुसरीकडे तशाच जागेसाठी मुलाखत होती. त्यानेच हे आधी सांगितलं होतं.

"नेहमीचं पाठव ना, 'आपला अर्ज जपून ठेवू,'" साहेब म्हणाले.

"कुठे जपता हो? उशाशी घेऊन झोपता?"

"बरं, आत्मविश्वास कमी पडला म्हण."

तिचं डोकंच सणकलं. "तो माणूस दर फेरीला रजा टाकून आला, आणि तुम्ही दोन ओळी तोंडावर फेकणार? आत्मविश्वास म्हणजे काय? तुम्हाला दिसलं काय, ते बोला. तोवर मी इथून हलत नाही!"

साहेबांनी कुरकुरत मुलाखतीची टिपणं उघडली. "तीन ट्रक एकदम आले, दोन माणसं गैरहजर, काय कराल, असं विचारलं. तो कारणंच उगाळत बसला. आधी कुठला ट्रक रिकामा करणार, ते मी खोदून विचारल्यावर बोलला."

"हं! हे झालं कारण. हे त्याला सुधारता येईल."

ती जागेवर आली आणि कीबोर्ड बडवायला लागली.

'नमस्कार. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे; निर्णय अंतिम आहे. तुम्हाला वाईट वाटेल, याची जाणीव आहे. मालाची मांडणी तुम्ही फार छान समजावलीत. फरक पडला तो ट्रकच्या प्रश्नात: आधी काय करणार, हे विचारेपर्यंत तुम्ही सांगितलं नाहीत. पहिल्या वाक्यात निर्णय सांगा, मग कारणं. कामातल्या दोन-तीन अडचणी घेऊन कुणासमोर तरी मोठ्याने सराव करा. काही विचारायचं असेल तर मला फोन करा.'

"एवढं मोठं? उद्या पाठव," मागून साहेब म्हणाले.

"उद्या काय चाटायचंय त्याने ते?" तिने बटण दाबलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, वाचून असा राग आला ना, वाटलं मोबाइल आपटावा! मग बायकोला समोर बसवलं आणि तीन वेळा बोलून पाहिलं."

"आणि मुलाखत?"

"यंत्र बंद पडलं तर काय, असं विचारलं. आधी निर्णय सांगितला, मग कारणं. दोन दिवसांत कळवतो म्हणालेत."

"नाही म्हणाले तर कारण विचारा. गप्प बसू नका."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर त्यांचा नंबर मला द्या," ती म्हणाली.