पाणी नव्हे, हवा

मी मूळची रेणापूरची. शिकले लातूरला आणि नोकरीला लागले किनवटकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या एका दुपारची गोष्ट मी लोकांना बऱ्याचदा सांगितली आहे, आणि दर वेळी त्यात मीच शहाणी ठरले आहे. खरी हकिगत तशी नाही. ती आता लिहून टाकते.

पेशंट होते आश्रमशाळेच्या वसतिगृहातले स्वयंपाकी. वय पन्नाशीचं. मी त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. महिनाभर बारीक ताप, अंग उतरलेलं, आणि आठ दिवसांपासून चार पावलं चाललं की धाप. मी वॉर्डात गेले तेव्हा ते उजव्या कुशीवर निजले होते. डावीकडे वळवलं की कासावीस व्हायचे. छातीत एका बाजूला पाणी झालेला माणूस बहुधा त्याच बाजूवर निजतो, म्हणजे चांगलं फुप्फुस वर मोकळं राहतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मी पाठ ठोकून पाहिली. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या मधे घट्ट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करायची, एवढंच काम. खाली हवा भरलेलं फुप्फुस असेल तर आवाज घुमतो. मामांच्या उजव्या पाठीत अर्ध्यापासून खाली दगडावर ठोकावं तसा मठ्ठ आवाज येत होता. एक्स-रेतही ती बाजू खालून पांढरी होती. टीबीचं पाणी असणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. ते सुईनं काढून तपासायला पाठवायचं आणि त्यांचा दमही हलका करायचा.

"नांदेडला पाठवते, तिथं छातीचे डॉक्टर आहेत," मी म्हणाले.

"नांदेडला आमचं कोन हाय, म्याडम?" मामी म्हणाल्या. "हितंच काढा की. तुमचा हात लई हलका हाय म्हन्त्यात समदे."

मला ते ऐकून बरं वाटलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला कधीच फार वेळ लागत नसे.

मामांना खाटेच्या कडेवर बसवलं, पुढे टेबल, टेबलावर उशी, उशीवर त्यांचे हात. मामी समोरून त्यांचे खांदे धरून उभ्या राहिल्या. मी पाठीवर, मठ्ठ आवाज येत होता तिथं, पेनानं खूण केली, जागा बधिर केली आणि बरगडीच्या वरच्या कडेला धरून सुई आत घातली. बरगडीच्या खालच्या कडेनं रक्तवाहिनी जाते, म्हणून वरच्या कडेनं जायचं. वाळल्या कडब्याच्या रंगाचं पाणी सिरिंजमधे आलं. लिटरभराच्या आसपास पोचल्यावर मामांना खोकला सुटला. दबलेलं फुप्फुस उघडायला लागलं की खोकला येतो, आणि तेव्हा हात थांबवायचा असतो. मी थांबले नाही. अजून एक सिरिंज काढू, म्हटलं. मामा पुन्हा जोरात खोकले, सगळी पाठ हलली, आणि सिरिंजमधे पाण्याबरोबर चार-सहा बुडबुडे आले.

ते बुडबुडे मला आजही दिसतात. सुई कुठंतरी सैल बसली असेल, तिथून हवा आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सुई काढली, पट्टी लावली, पडून राहा म्हणाले आणि ओपीडीत गेले. परत एक्स-रे काढा, असं सांगितलं नाही.

दोनेक तासांनी सिस्टरनं बोलावलं. "मामांना पुन्हा दम लागलाय. पाणी परत भरलं वाटतं." मी पोचले तर ती मामींवर कडाडत होती. मामांना संडासला जायचं होतं, म्हणून मामींनी त्यांना धरून अंगणापलीकडे नेलं होतं. येताना वाटेतच हे झालं. "उठवू नका म्हणून सांगितलं होतं की नाही? आता भोगा!" मामी भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

पाणी काढायचं सामान सिस्टरनं मांडून ठेवलंच होतं. मी सकाळच्या खुणेवर बोट ठेवलं आणि ठोकलं. मठ्ठ. "आहे अजून पाणी," मी म्हणाले आणि सिरिंज हातात घेतली.

मामा आता उजव्या कुशीवर नव्हते. ताठ बसून खाटेची लोखंडी दांडी त्यांनी धरली होती. हे मला दिसत होतं, पण मनात शिरत नव्हतं. एक एक शब्द तोडत ते म्हणाले, "म्याडम, ह्यो तसा दम न्हाई. त्यो हळूहळू आल्ता. ह्यो खाटकन आला. हितं कळ निगाली." त्यांनी हात पाठीकडे नेला नाही. छातीवर, गळ्याखालच्या हाडापाशी ठेवला.

लातूरला आमचे एक सर होते. अतिशय तापट. कुणी विद्यार्थी पेशंटच्या पाठीपासून तपासायला लागला की त्याचा हात झटकून टाकायचे. "तळघरात कशाला उतरतोस? आधी माळ्यावर जा! वरून ये, पुढून ये, दोन्ही बाजू ठोक, मग तोंड उघड." आणखी एक सांगायचे, "पाणी दोन तासांत भरत नाही. भरलंच तर ते रक्त असतं. आणि रक्त नसेल, तर ती हवा."

मी सिरिंज खाली ठेवली आणि पुढून, गळ्याखालच्या हाडापासून ठोकायला सुरुवात केली. डावीकडे नेहमीचा आवाज. उजवीकडे रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा पोकळ, नको तेवढा घुमणारा. एकेक बरगडी खाली आले. पार तळाशी, उरलेल्या पाण्यावर, तेवढा आवाज मठ्ठ झाला. मी नेमकी तिथंच बोट ठेवून बसले होते.

हा प्रकार फसवा अशासाठी की बाकी सगळं सारखंच असतं. छातीत पाणी असो की हवा, त्या बाजूची छाती कमी हलते. स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज कमी येतो. "एक, दोन, तीन" म्हणायला लावलं तर हाताला होणारी थरथर कमी लागते. फार झालं की श्वासनलिकासुद्धा दोन्हींत पलीकडे ढकलली जाते. फरक बोटाखाली असतो. पाण्यावर मठ्ठ, हवेवर पोकळ.

मामांची श्वासनलिका डावीकडे सरकली होती. मानेच्या शिरा फुगलेल्या, नाडी इतकी जलद की मोजता येईना, रक्तदाब घसरलेला. फुप्फुसाला भोक पडलं होतं. श्वासागणिक हवा फुप्फुसाबाहेर छातीत साठत होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. ती आता हृदयही दाबत होती. एक्स-रेची वाट बघायची ही वेळ नव्हती. आणि मी खाली बसून पाणीच काढत राहिले असते, तर मामा माझ्यासमोर गेले असते.

सलाईनची सगळ्यात जाड सुई घेतली. गळ्याखालच्या हाडाच्या मध्यावरून सरळ खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधे, तिसरीच्या वरच्या कडेनं आत. फुस्स करून हवा बाहेर आली, सगळ्यांना ऐकू येईल इतकी. मिनिटभरात मामांनी दांडीवरचा एक हात सोडला. मग काखेखालून छातीत नळी घातली, तिचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले. अँब्युलन्समधे बाटली छातीच्या खाली धरा, नळी मुळीच चिमटू नका, असं दहा वेळा बजावून त्यांना नांदेडला पाठवलं.

गाडीत बसण्याआधी मामी माझ्या पाया पडल्या. "म्या उठिवलं म्हनून झालं, म्याडम. तुम्ही हुता म्हनून वाचले मालक."

तेव्हा बोलायचं होतं. फुप्फुसाला भोक चालण्यानं पडलं नव्हतं, माझ्या सुईनं पडलं होतं. बुडबुडे मी पाहिले होते. पण वॉर्डातली सगळी माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आणि मी म्हणाले, "होतं असं कधी कधी. जा लवकर." मला त्या वाक्याची लाज वाटते. सुई चुकू शकते, कुणाचीही चुकते. ते वाक्य चुकून निघालेलं नव्हतं.

महिन्याभरानं दोघं दाखवायला आले. मामांचं टीबीचं औषध चालू होतं, अंगही भरत होतं. या वेळी मी वरून, पुढून, दोन्ही बाजू ठोकल्या. पाठीत तळाशी जरासा मठ्ठपणा उरला होता, बाकी छाती स्वच्छ. मामी मात्र आत येईनात. दारातच उभ्या. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले.

"तिला सांगा की जरा, म्याडम," मामा म्हणाले. "मला जाग्यावरनं हलू देईना. पानीबी हातात आनून देती. मी निजलो की नाकाला बोट लावून बघती. सोमवार धरलाय, मंगळवार धरलाय. म्हन्ती, म्या मालकाला मारून बसले हुते."

मी मामींना आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं. काही न गाळता. खोकला आला तेव्हा मी थांबायला हवं होतं. बुडबुडे दिसले तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता. "तुम्ही उठवलं म्हणून काही झालं नाही, मामी. जे झालं ते माझ्या सुईनं झालं. आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं."

मामी रडतील असं मला वाटलं होतं. कदाचित माझे हात धरतील, मोठ्या मनाचं काहीतरी बोलतील, असंही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होते.

मामी म्हणाल्या, "ती सिस्टर समद्यांम्होरं मला बोलली. तुम्ही तितंच हुता न्हवं?"

"हो."

"सासूनं महिनाभर माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई. लेक बोलंना. मंग तवाच का न्हाई सांगितलं?"

मामी उठल्या. "येत्या ऐतवारी घरी या," त्या म्हणाल्या. "समदे असत्यात. त्यांच्याम्होरं सांगा."

रविवारी मी गेले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, लेक शेजारी उभा होता, आणि मामी मधल्या दारात. चहा कुणी विचारला नाही. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली.