हजार अक्षरांत अंगणावरची तार

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, थोडक्यात बोलणं कधी जमलंच नाही. ते हसनाबादकडचे शेतकरी. कचेरीत अर्ज द्यायचा म्हटला की बैठक मारून फुलस्केपचे तीन कागद भरायचे. ‘मी खाली सही करणार’ इथून सुरुवात, मग साहेबांची विचारपूस, मग गावचं पाऊसपाणी, आणि तिसऱ्या पानावर कुठं तरी काम. नमनालाच घडाभर तेल! आणि अशा माणसाची तक्रार हजार अक्षरांत बसवायची वेळ माझ्यावर आली.

गावी आमच्या अंगणावरून विजेची तार जायची. खांब वाकत गेला तशी तार खाली येत गेली, इतकी की अण्णा चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन गोठ्याकडं निघाले की आई ओरडायची. मी तेव्हा जालन्यात राहायचे, नोकरी करायचे. मुलं लहान होती, हाताला लागेल ती काठी घेऊन फिरायची. मी अण्णांना साफ सांगितलं, तार वर जात नाही तोवर मुलं गावी येणार नाहीत. दोन उन्हाळे गेले. दर रविवारी अण्णांचा फोन यायचा. आधी तारेचं काय झालं ते सांगायचे, म्हणजे काहीच झालं नाही हे सांगायचे, आणि मग हळूच विचारायचे, “मंग, पोरायचं कसं?” माझा जीव तुटायचा, पण मी हलले नाही. आईवर गेलेय मी, एकदा नाही म्हटलं की नाही.

वीज कचेरीत अण्णांचे अर्ज गठ्ठ्यानं पडले होते. तेवढ्यात माझ्या ऑफिसात कुणी तरी सांगितलं की आता सरकारचं तक्रारीचं पोर्टल निघालंय, तिथं टाकलं की नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. अण्णा दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याला हजर! पिशवीत अर्जाच्या साऱ्या नकला आणि माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा.

स्टेशन रोडला एक नेट कॅफे होता. लाकडी खोपे, प्रत्येकात एक डबडं कॉम्प्युटर, आणि काउंटरवर पानाचा तोबरा भरलेले मालक. त्यांनी आधीच बजावलं, “ताई, टायपिंगच्या दुकानातलं मराठी आणून इथं चिकटवू नका, अक्षरांऐवजी नुसते किडे-मुंग्या उमटतात. इथंच टाईप करा. अन् जल्दी करा, पान लय वेळ उघडं ठेवलं की आपोआप बंद पडतं, लिहिलेलं सगळं जातं.”

मी टाईप करू लागले, अण्णा शेजारी बसून सांगू लागले. चौकटीखाली हजारातल्या उरलेल्या अक्षरांचा आकडा उतरत होता. काना, मात्रा, मधली मोकळी जागा, सगळं मोजत होता मेला. अण्णांचं ‘माननीय महोदयांच्या चरणी सविनय सादर’ होईस्तोवर आकडा बराच खाली आला. मी ते खोडलं.

“कामून खोडून राह्यली?”

“अण्णा, जागा नाही.”

“सायबाला नमस्कार करायला जागा न्हाई?”

गाव, तालुका, जिल्हा यांना वेगळे रकाने होते, म्हणून पत्ताही काढला. मग अण्णा म्हणाले, “लिही, गावात लाईट आली तवा खांबाला जागा मीच देल्ती. कोनी अंगणात खांब घ्यायला तयार नव्हतं.” हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. एक्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. आमच्या अंगणातल्या खांबाला झेंडूचा हार घातला होता, अण्णांनी नारळ फोडला होता, फोटोही काढला होता. पहिल्यांदा बल्ब लागला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि आम्ही पोरं त्या उजेडाखाली उगीचच नाचलो. किती खुळे होतो, आणि किती आनंदात! पण तक्रारीत त्याचं काय काम? मी म्हटलं, “अण्णा, हे मोठेपण राहू द्या. तार किती खाली आहे ते महत्त्वाचं.” त्यांनी तोंड फिरवलं. मी लिहिलं, आमच्या घराच्या अंगणावरून गेलेली तार लोंबकळते आहे, जिवाला धोका आहे, ती वर घ्यावी. तारेचा फोटो जोडला, नंबरचा कागद छापून घेतला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. विद्युत वाहिनीखाली घर बांधल्याचे दिसते, सबब वाहिनी हलविण्याचा खर्च अर्जदाराने भरावा, तक्रार निकाली.

फोनवर वाचून दाखवलं तर अण्णा असे भडकले! “लाईनीखाली घर बांधलं म्हनतेत? माझ्या आज्यानं बांधलं ते घर! चोराच्या उलट्या बोंबा!” ते बोलत राहिले आणि माझ्या ध्यानात आलं. मी मोठेपण म्हणून गाळलं तेच खरं कामाचं होतं. अण्णांनाही ते ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त त्याचा अभिमान होता. मी एवढंच विचारलं, “अण्णा, तो हाराचा फोटो आहे का हो अजून?”

फोटो आईच्या पेटीत निघाला. भोकरदनहून फोटोग्राफर आला होता त्या दिवशीचा, काळा-पांढरा. मागं आमचं माळवदाचं घर, दारासमोर नवाकोरा खांब, तार वर ताणलेली. आणि एका बाजूला फेटा बांधून, नारळ हातात धरून ताठ उभे अण्णा. काय रुबाब होता!

पुन्हा त्याच कॅफेत गेलो. आधीची तक्रार बंद झाली होती, म्हणून नवी भरायची होती. या वेळी पहिलं वाक्य जुन्या तक्रारीचा नंबर, दुसरं ‘घर आधीचे, खांब नंतरचा, सोबत त्या दिवसाचा फोटो’, तिसरं तार वर घ्या. धोका, गोठा, लहान मुलं, सगळं एका ओळीत. अण्णांनी या वेळी नमस्काराचा हट्ट धरला नाही.

अडलं ते फाईलशी. पोर्टल एकच फाईल घ्यायचं, तीही ठरावीक वजनाची. मालकांनी स्कॅनरच्या काचेवर जुना फोटो आणि आताच्या तारेचा फोटो शेजारी ठेवून एकच पान केलं. ते जड झालं, पोर्टलनं परत फेकलं. हलकं केलं तर तार पुसली गेली, नुसतं घर दिसू लागलं. मालक म्हणाले, “बाजूचा भाग कापावा लागेल, काका. घर, खांब, तार ठेवू. बाजूला माणूस आहे, तो जाईल.”

त्यांना ओळखू आलं नव्हतं की तो माणूस त्यांच्यासमोरच बसलाय. मी बोलणार, तेवढ्यात अण्णांनी माझा हात दाबला.

“कापा,” ते म्हणाले. “माणसाचं काय काम तिथं? पोरं यायला पाह्यजेत.”

फाईल गेली. नंबर आला. चैत्र संपायच्या आत एक इंजिनीयर त्या पानाची छापील प्रत घेऊन घरी आले, मोजमाप करून गेले. मग वायरमन लोकांनी वाकडा खांब काढला, गल्लीच्या कडेनं नवा उभा केला आणि तार अंगणावरून पार हटवली. अण्णांचा फोन आला तो रविवार नव्हता. “आता आन,” एवढंच म्हणाले. आयुष्यात त्यांनी इतकं थोडक्यात दुसरं काही सांगितलं नसेल.

मे महिनाभर मुलं तिथं होती. अंगणात काठ्या फिरवल्या, भांडली, पडली, अण्णांच्या खांद्यावर बसून राजूरला गणपतीला जाऊन आली. पुढच्या उन्हाळ्याला अण्णा नव्हते. माझ्या मुलांना आजोबा आठवतात ते त्या एका महिन्याचे.