सातव्या प्रश्नाचा हिशेब

आमच्या ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणतात. वेबसाइट अपंग माणसांना वापरता येते की नाही, हे तपासायचं आमचं काम. मी डोळ्यांनी तपासते: रंग, अक्षरं, पडद्यावर आपण कुठे आहोत ते दिसतंय का. ती कानांनी तपासते. अकराव्या वर्षी तिची नजर गेली. कॉम्प्युटर तिला पडदा वाचून दाखवतो तो इतक्या वेगाने की मला नुसती गुणगुण ऐकू येते, आणि फौजदार मात्र त्यातून नेमका शब्द उचलून म्हणते, "काकू, या बटणाला नावच नाहीये."

तिची आई शिवणकाम करायची. मुलीला टायपिंग शिकवायचं म्हणून तिने कीबोर्डच्या एकेका कळीवर दोऱ्याच्या गाठी चिकटवल्या होत्या. मुलगी गाठींवरून शिकली, कॉलेज झालं, आणि सात वर्षांपूर्वी एका मोठ्या वेबसाइट कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला. परीक्षा ऑनलाइन होती. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको. आई दाराबाहेर उभी. पहिले सहा प्रश्न सरावाचे होते. गुणांचे प्रश्न सातव्यापासून सुरू झाले, आणि ते सगळे असे की उत्तराची चौकट माउसने उचलून योग्य रकान्यात नेऊन सोडायची. पडदा न दिसणाऱ्याला माउसचा उपयोग नाही, आणि कीबोर्डने ती चौकट हलतच नव्हती. वेळ संपली. निकाल आला शून्य.

तिने कंपनीत फोन केला. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शून्य आलं, आम्ही काय करणार? तुमच्यासारख्यांनी टेलिफोनवरचं काम बघावं."

निकालाचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आहे. मी एकदा विचारलं, वाचता येत नाही तर ठेवलास कशाला? म्हणाली, "वाचायचाय कुणाला? तो तिथे आहे एवढं कळलं की पुरे."

या वर्षी एका हॉस्पिटलची नवी वेबसाइट आमच्याकडे तपासायला आली. रुग्णांनी घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी म्हणून बनवलेली. बनवणारी कंपनी तीच, साहेबही तेच. पहिल्या फोनवर त्यांनी "नमस्कार" म्हणताच आवाज ओळखून फौजदार ताठ झाली. नियमाप्रमाणे तिने आमच्या प्रमुखबाईंना जाऊन सांगितलं की या माणसाशी माझं जुनं भांडण आहे. बाई म्हणाल्या, "काम तू कर. पण प्रत्येक दोषाची तीव्रता काकू तपासणार."

तीव्रता म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली. दोष सापडला की तो कोणता निकष मोडतो ते लिहायचं, आणि मग त्यामुळे माणूस किती अडतो त्यावरून शिक्का मारायचा: किरकोळ, मध्यम, गंभीर, अतिगंभीर. अतिगंभीर म्हणजे काम पुरं होऊच शकत नाही. आणि एक जरी अतिगंभीर शिल्लक असेल, तर हॉस्पिटलच्या अधिकारीबाई वेबसाइट सुरू करायला सही देणार नव्हत्या. साहेबांनी सोमवारच्या उद्घाटनाची निमंत्रणं आधीच वाटून ठेवली होती.

फौजदारचा अहवाल माझ्या हाती आला. एकतीस दोष, एकतीस अतिगंभीर.

"अगं, पहिल्या पानावरच्या शोभेच्या फुलाच्या चित्राला वर्णन नाही, हे अतिगंभीर?"

"सगळ्यात पायाभूत पातळीचा निकष मोडलाय."

"मोडलाय ना. पण अडलं कोण? तुला फाइलचं नाव ऐकू येतं, वैताग येतो, तू पुढे जातेस. आणि 'पुढे'च्या बाणाच्या बटणाला नाव नाही, तिथे निकष तोच, पण तिथे माणूस थांबतो. निकष किती पायाभूत आणि माणूस किती अडला, या दोन वेगळ्या गोष्टी. हे मला तूच शिकवलंस."

"त्याला जमिनीवर आणायचंय मला, काकू!" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. मलाही त्या माणसाचा संताप येत होता, खोटं कशाला सांगू.

"मग नीट आण. तो हे फूल धरेल आणि सगळा अहवाल सूडाचा आहे म्हणून फेकून देईल. तुझा वेळ निवडायच्या कॅलेंडरचा खरा मुद्दाही त्याबरोबर जाईल."

ती अहवाल उचलून आपल्या जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी तिने शेवटच्या दोषापासून उलटी सुरुवात केली. फूल किरकोळ. तळाशी फिकट अक्षरातली कंपनीची ओळ, तीही किरकोळ. तातडीच्या मदतीचा नंबर तेवढ्याच फिकट रंगात होता, तो गंभीर. एकेक शिक्का उतरवताना ती दातओठ खात होती. शेवटी अतिगंभीर तीनच उरले. वेळ निवडायचं कॅलेंडर कीबोर्डने चालत नाही. 'पुढे'च्या बटणाला नाव नाही. अर्जात चूक झाली की रकान्याला फक्त लाल कड येते, काय चुकलं ते ना लिहिलेलं, ना ऐकू येतं.

साहेब मीटिंगला आले ते हसत. स्वतःचा लॅपटॉप, शेजारी छोटा माउस. अधिकारीबाई समोर बसल्या. साहेबांनी अहवाल उघडला आणि ते पानं उलटत राहिले. ते काय शोधत होते ते मला कळत होतं. फूल सापडलं, त्यापुढे "किरकोळ" सापडलं, आणि त्यांचं हसू थोडं आखडलं.

मग त्यांनी कॅलेंडर धरलं. "मॅडम, हे अतिगंभीर कसं? फार तर मध्यम म्हणा. थोडी गैरसोय होते एवढंच. असे वापरणारे असतात तरी किती?"

फौजदारने हात पुढे केला. "तुमचा माउस द्या."

"कशाला?"

"गैरसोय किती होते ते बघू. टचपॅडला आणि पडद्याला बोट लावायचं नाही. फक्त कीबोर्ड. मंगळवारची कुठलीही वेळ घ्या. तुमच्या परीक्षेइतका वेळ देते, वीस मिनिटं."

साहेबांनी अधिकारीबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "करा ना."

साहेबांनी माउस तिच्या हातात दिला आणि पडद्यावरची खूण पुढे सरकवणारी टॅबची कळ दाबली. डॉक्टरांचं नाव आलं. पुन्हा दाबली, आणि खूण सबंध महिना ओलांडून थेट पानाच्या तळाला गेली. मागे आणली, पुन्हा तेच. बाणांच्या कळा दाबल्या, एंटर दाबलं. मंगळवार डोळ्यांसमोर होता, स्वच्छ दिसत होता, आणि त्यांना तो घेता येत नव्हता. आठव्या मिनिटाला त्यांनी कॉलर सैल केली. बाराव्या मिनिटाला बोट नकळत टचपॅडकडे गेलं. "अं हं," अधिकारीबाई म्हणाल्या. खोलीत फक्त कळांचा खटखटाट होता. फौजदार मान किंचित तिरकी करून प्रत्येक खटका ऐकत होती. इतक्या वर्षांत मी तिला एवढं सुखात पाहिलं नव्हतं, आणि मला तिची जराही लाज वाटली नाही.

वीस मिनिटं झाली आणि फौजदारच्या मोबाइलचा गजर वाजला.

"शून्य आलं," फौजदार म्हणाली. "आम्ही काय करणार?"

साहेब गोंधळले. "आपण... आधी कधी भेटलोय का?"

त्याला आठवतच नव्हतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फौजदार मात्र शांत होती.

"भेटलो नाही. तुमच्या परीक्षेचा सातवा प्रश्न सोडवत होते. तुम्ही मला टेलिफोनवरचं काम बघायला सांगितलं होतं."

साहेबांचा चेहरा उतरला. अधिकारीबाईंनी सहीचा कागद परत फाइलमध्ये ठेवला. "निमंत्रणं परत मागवा," त्या म्हणाल्या. "फेरतपासणी झाल्याशिवाय सही नाही."

साहेब लॅपटॉप बंद करून इतक्या घाईने निघाले की माउस तिच्याच हातात राहिला. त्याच दुपारी त्यांचा फोन आला. फेरतपासणीची तारीख हवी होती आणि, अडखळत का होईना, माउसही.

"तारीख कॅलेंडर दुरुस्त झाल्यावर," फौजदार म्हणाली. "आणि माउस त्या दिवशी, कीबोर्डने वेळ घेऊन दाखवल्यावर."

तिने फोन ठेवला, वाकून खालचा खण उघडला, निकालाच्या कागदावर माउस ठेवला आणि खण लावून टाकला.