एरर व्हेरिएंट

मी तोंडाची फटकळ, हे माझ्या आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलंय. ऑफिसमध्ये मात्र याच फटकळपणाचा मला पगार मिळतो. दुसऱ्यांनी केलेलं डिझाइन तपासायचं आणि चुका काढायच्या.

त्या शुक्रवारी तपासायला आली ती तिची लायब्ररी. ती म्हणजे ऑफिसातली माझी एकुलती एक मराठी मैत्रीण, वसईची. दोघी शहराच्या टोकाला गुंगालिन उपनगरात राहायचो, एकाच लाइट रेलने शहरात यायचो, माझ्या डब्यातली भाजी आणि तिच्या डब्यातला मासा अर्धा-अर्धा व्हायचा. ती कंत्राटावर होती. बॉसने तिला स्पष्ट सांगितलं होतं: ही लायब्ररी रिव्ह्यूमधून पास झाली की परमनंट नोकरी, आणि कंपनी तिच्या व्हिसाचे कागदही पुढे पाठवेल. नाही झाली तर कंत्राट संपतंय. तिचा मुलगा नुकताच इथल्या शाळेत रुळला होता.

लायब्ररी म्हणजे काय, तर फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाच नीट बनवून ठेवलेली बटणं, चौकटी, खुणा. बाकीच्या टीम त्याच उचलून आपापली पानं रचतात. म्हाताऱ्या माणसांना घरकामासाठी सरकारी मदत मागता यावी, असा एक फॉर्म आम्ही बनवत होतो. दुपारी दोन वाजता क्लायंटला डेमो होता.

सकाळी धुकं एवढं होतं की ट्रेनच्या खिडकीतून काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आज जास्त खोलात जाऊ नकोस हं बाई." मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय.

ऑफिसात पोचल्यावर आधी बटणांची नावं तपासली. छान होती. बटण, त्याचा प्रकार, आकार, अवस्था, सगळं एकाच क्रमाने. मला मनापासून बरं वाटलं. मग स्पेसिंग. चौकटीच्या आतल्या जागेला तिने एक टोकन केलं होतं, म्हणजे जागेला दिलेलं नाव. त्या नावाचा आकडा एकदा बदलला की ते जिथे जिथे लावलंय तिथे सगळीकडे बदलतो. टोकनचा आकडा बारा. साधी चौकट बारा, निवडलेली बारा, बंद असलेली बारा. आणि चूक दाखवणारी लाल चौकट, एरर व्हेरिएंट? चौदा. टोकन नाहीच, हाताने टाइप केलेला चौदा. लाल खूण दाटीत वाटली म्हणून डोळ्यांना बरं दिसेल तेवढं सरकवलं असणार.

इथपर्यंत ठीक होतं. चौदा काय, कोणाकडूनही होतं. मग मी एक चौकट घेतली, त्यावर "तुमचं पूर्ण नाव" अशा अर्थाचं इंग्रजी लेबल लिहिलं आणि अवस्था बदलून एरर केली. माझा मजकूर गायब! तिथे नुसतं "लेबल" आलं. आत जाऊन बघते तर बाकी व्हेरिएंटमध्ये त्या मजकुराच्या लेयरचं, म्हणजे थराचं, नाव एक, आणि एररमध्ये भलतंच. नावं जुळली नाहीत की फिग्माला कळत नाही हा तोच मजकूर आहे, आणि तुम्ही लिहिलेलं उडून जातं.

पण मग डेमोच्या पानांवर लाल चौकटींत लेबलं बरोबर कशी? मी एकेक उघडून पाहिलं. तिने एररच्या सगळ्या चौकटी डिटॅच केल्या होत्या. मूळ लायब्ररीशी असलेलं नातं तोडून, लेबलं हाताने लिहिली होती. दिसायला तंतोतंत. आतून नुसती चित्रं.

म्हणजे तिला माहीत होतं.

मी तिला किचनमध्ये बोलावलं. आमची भांडणं आम्ही तिथेच आणि मराठीतच करायचो, कोणाला कळत नाही म्हणून.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "काल संध्याकाळी कळलं. सोमवारी करणारच होते ना दुरुस्त. आज अप्रूव्ह कर. डेमोत कोण आत डोकावतंय?"

"अगं, अप्रूव्ह केलं की चार टीम उचलतील हे. प्रत्येकाचा मजकूर उडेल."

"सोमवारपर्यंत कोणी उचलत नाही."

"आणि उचललं तर?"

तिने मायक्रोवेव्हचं दार धाडकन लावलं. "आपल्यातली असून तू असं करतेस? तुझं काय जातंय गं? तुझ्याकडे पासपोर्ट आहे इथला!"

ते लागलं मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पाण्याला आलेला एक सहकारी "यू राइट, मेट?" म्हणाला, इथल्या भाषेत "ठीक ना?", आणि दोघींनी एकदम "नो वरीज" म्हटलं.

जागेवर येऊन मी अप्रूव्हऐवजी "बदल सुचवा"चं बटण दाबलं. राग तिच्यावरच होता, काळजीही तिचीच होती. तिच्या मुलाचा शाळेच्या स्वेटरमधला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "चल, दोघी मिळून करू."

"तुझा हात नको माझ्या कामाला," ती म्हणाली, स्क्रीनवरून डोळे न हलवता.

तिने लेयरचं नाव जुळवलं, चौदा काढून टोकन लावलं, आणि तोडलेल्या चौकटी एकेक करून पुन्हा लायब्ररीतून आणून बसवायला घेतल्या. जेवली नाही. मीही नाही.

दोन वाजता डेमो सुरू झाला. क्लायंटची बाई पहिल्याच पानावर थांबली. "चौकटी अजून उंच होतील का? आमच्या माणसांची बोटं थरथरतात."

मैत्रिणीने टोकनचा आकडा बाराचा सोळा केला. सगळ्यांसमोर साऱ्या पानांवरच्या चौकटी एकदम उंच झाल्या, लालसुद्धा. क्लायंटची बाई खूश. बॉस हसला. आणि मग शेवटचं पान आलं. त्यावरच्या दोन लाल चौकटी तशाच बुटक्या उभ्या होत्या.

तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. ती म्हणाली, "या दोन मी लायब्ररीपासून तोडल्या होत्या. परत जोडायच्या राहिल्या."

बॉसने माझ्याकडे वळून विचारलं, "तू हे अप्रूव्ह करशील?"

देवा, हा प्रश्न मलाच का! ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "आज नाही. सोमवारी."

"ठीक, सोमवारी," बॉस म्हणाला.

घरी जाताना ती पुढच्या डब्यात चढली. मी मागच्या. शनिवार-रविवार माझा फोन तिने उचलला नाही. नवरा म्हणाला, "एवढं कडक कशाला वागायचं?" मी त्याच्यावर खेकसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

सोमवारी रिव्ह्यू आला. या वेळी चूक काढायला नाही, चूक निघू नये म्हणून तपासत होते, आणि इतकं बारकाईने कधीच तपासलं नव्हतं. प्रत्येक चौकट, प्रत्येक अवस्था. मजकूर कुठेच उडला नाही. अप्रूव्ह केलं. त्याच आठवड्यात तिला परमनंटचं पत्र मिळालं. तिने सगळ्यांना घरी केलेला केक वाटला. माझा तुकडा टेबलावर ठेवून सरळ पुढच्या टेबलाकडे वळली. डबे वेगळेच राहिले.

पुढे माझी आयकॉनची लायब्ररी तयार झाली. रिव्ह्यूअर म्हणून मी तिचं नाव टाकलं. परमनंट झाल्यामुळे आता तिलाही तो अधिकार होता. दिवसभर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली तर कमेंटच कमेंट! दोन आयकॉनच्या आकाराची नावं उलटसुलट, एकाला टोकनच नाही. वर निकाल: बदल सुचवले आहेत.

आणि सगळ्यात खाली, ऑफिसातल्या दुसऱ्या कोणालाच वाचता येणार नाही अशा देवनागरीत एक ओळ: "आपल्यातली असलीस तरी. दुपारी जेवायला ये, मासे आणलेत."