म्हशीचा प्रश्न

नवीन नवीन कायदा शिकवायला लागले तेव्हा मी कडक इस्त्रीची साडी नेसून, लाल पेन खोचून अशी चालायचे की न्यायाधीशबाई बाहेर हवा खायला आल्यात असं वाटावं. प्रश्नपत्रिकेतले ‘अ’ आणि ‘ब’ मला भारी मिळमिळीत वाटायचे. अ ने ब ला ढकललं, ब पडला. कुणाला त्याचं काय? मी ठरवलं, आपले प्रश्न आपल्या गल्लीतले असतील. या शहाणपणाचं मला इतकं कौतुक होतं की नातवंडं झाली तरी ते ओसरलं नाही.

आता निवृत्त आहे, तरी डोंबिवलीहून कल्याणच्या एका कॉलेजात तासापुरती जाते. यंदाच्या अंतर्गत परीक्षेत मी प्रश्न घातला : जुनी चाळ. महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस दिलेली. मालकाने ना टेकू लावले, ना खालची वाट बंद केली. गॅलरी कोसळली आणि रस्त्याने जाणारी बाई मेली. मालक जबाबदार आहे का?

अशा उत्तराचे चार भाग. आधी मुद्दा : नेमका वाद कशाचा. मग नियम : काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, ते मोडलं का, त्यातूनच नुकसान झालं का. मग तो नियम दिलेल्या हकिकतीला लावून दाखवायचा. शेवटी निष्कर्ष. सगळ्यात जास्त मार्क तिसऱ्या भागाला, कारण नियम पाठ करता येतो, लावणं पाठ करता येत नाही. निष्कर्षाला एकच.

स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत मुद्दा स्वच्छ, नियम सुरेख. तिसऱ्या भागात दोन ओळी मालकावर, आणि मग अक्षर तिरकं होत गेलेलं :

‘बाईला गॅलरी माहीत होती. ती रोज लांबून वळसा घालून यायची. त्या दिवशी मुलीने क्लासमधून फोन केला की लवकर ये, मी बाहेर उभी आहे. म्हणून ती खालून आली. फोन केला नसता तर मृत्यू झाला नसता. मुलीने काळजी घ्यायला हवी होती. निष्कर्ष : मालक नव्हे, मुलगी जबाबदार.’

माझ्या प्रश्नात मुलगी नव्हती. फोनही नव्हता.

शेजारी बसलेल्या तरुण सरांपुढे मी पान सरकवलं. त्यांनी वाचलं. चहा तसाच राहिला.

“मॅडम, हिला या विषयात काठावर आणायला तिसऱ्या भागाचेच मार्क लागतील. देऊन टाका ना.”

“कशाचे देऊ?”

“असंच. माणुसकी म्हणून.”

“अरे, मार्क दिले म्हणजे मी म्हटलं की हे बरोबर आहे. मुलगी जबाबदार.”

मी लाल पेन उघडलं. मुद्द्याचे आणि नियमाचे पूर्ण दिले. तिसऱ्या भागात मालकावरच्या दोन ओळींचा एक. बाकी सगळ्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं : ‘ही हकिकत प्रश्नात नाही. असती तरी, आईला लवकर बोलावल्याने गॅलरी पडेल हे मुलीला दिसण्यासारखं नव्हतं; तिचं तसं कर्तव्यच नाही. गॅलरी मालकाची, नोटीस त्याला. नियम चुकीच्या माणसाला लावला.’ निष्कर्षाला शून्य. बेरीज काठाच्या खाली राहिली. मी ती पुन्हा केली, मग आणखी एकदा केली. खाली ती खालीच.

पेपर दाखवायच्या दिवशी ती आली. हडकुळी, पाठीवर बॅग, कळव्याहून येते म्हणाली. बाकावर बसून समास वाचला. बोट फिरवत, हळूहळू.

“म्हणजे नापासच ना, मॅडम?”

“हो. पुढच्या सत्रात परत द्यायला लागेल.”

“ते चालेल.” बोट रेघेवरच होतं. “हे तुम्ही माझ्यासाठी लिहिलंत, की असंच असतं?”

“असंच असतं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तरी हेच लिहिलं असतं.”

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं. माझ्यातली ती इस्त्रीची साडी अजून मेलेली नाही, बघा.

“कायद्यात नसेल, मॅडम,” ती म्हणाली. “पण फोन मीच केलेला.”

उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत ठेवून ती गेली. माझ्याकडे नियम होते, लावायला काहीच नव्हतं.

पुढच्या सत्राची प्रश्नपत्रिका मीच काढली. अ ची म्हैस ब च्या शेतात शिरली आणि तिने उभं भातपीक खाल्लं. सर वाचून हसले. “मॅडम, कल्याणात म्हैस?”

“असू दे,” म्हटलं. “म्हशीला कुणी फोन करत नाही.”

तिने उत्तर नेटकं लिहिलं होतं. म्हशीचा मालक जबाबदार. मी चारही भागांचे मार्क दिले. पास झाली. निष्कर्षाखाली बरीच जागा कोरी होती. ती मी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत बसले.