फुकटची कोथिंबीर

माझी आई भाजीवाल्यांशी भांडायची. हौसेने भांडायची. बदलापूरजवळच्या शेतकरी घरातली ती, काकडी कधीची तोडलेली आहे ते देठ बघून सांगायची, तर तिला कोण फसवणार! अंबरनाथच्या बाजारात एक भाजीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोथिंबिरीची काडी टाकायचा आणि वर "ही घ्या ताई, फुकट" म्हणायचा. आई ती काडी उचलून त्याच्या टोपलीत परत टाकायची. "फुकट काही नको मला. आधी वांग्याचा भाव सांग. कोथिंबीर त्या वांग्यात धरलीयस तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कॉलेजात जाणारी मुलगी मी, आजूबाजूला ओळखीच्या बायका, आणि आमच्या मातोश्रींचं हे असं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यात माझा भाऊ, आमचा दादा, शिकायला अमेरिकेत गेला. त्याच सुमारास बाबांची फॅक्टरी बंद पडली. बाबा तिथे अधिकारी होते. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले आणि त्यातलेच दर सहामाहीला दादाच्या फीसाठी पाठवायचं ठरलं. रक्कम ठरलेली होती. फी सहा हजार डॉलर, पेपरात डॉलरचा भाव छत्तीस रुपये, म्हणजे दोन लाख सोळा हजार. बाबांनी तेवढे बाजूला काढले आणि हिशेब मिटला म्हणाले.

पहिल्यांदा ते स्टेशनजवळच्या जुन्या बँकेत गेले. तिथे पाठवायचं कमिशन पाचशे रुपये सांगितलं. बाबा संतापले. "माझेच पैसे, माझ्याच मुलाला, आणि ह्यांना दलाली कसली?" मॅनेजरशी तोंडातोंडी झाली आणि पुन्हा ह्या पायरीवर पाय ठेवणार नाही असं ठणकावून ते घरी आले.

मग त्यांना उल्हासनगरातली नवी बँक सापडली. काचेचं दार, आत गारवा, आणि दर्शनी बोर्ड: परदेशी पैसे पाठवा, कमिशन शून्य. मी बरोबर होते. काउंटरवरच्या मुलीने उठून खुर्ची दिली. "बैठिए ना सर. आपके लिए ठंडा मंगवाऊँ?" फॅक्टरी बंद झाल्यापासून बाबांना कुणी सर म्हटलं नव्हतं. ते ताठ बसले. फॉर्म भरले, दादाच्या कॉलेजची पत्रं दाखवली, सह्या केल्या. पावतीवर भाव होता छत्तीस रुपये नव्वद पैसे. सहा हजारांऐवजी पाच हजार आठशे त्रेपन्न डॉलर झाले. "पेपरात असंच काहीतरी छापतात," बाबा म्हणाले. "वरचे थोडे तो भरेल, कँटीनमध्ये काम करतोच आहे."

घरी येऊन त्यांनी आईला ऐटीत सांगितलं, "एक पैसा कमिशन दिलं नाही."

आई पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, मग डॉलर कितीला दिला?"

"तुझं सगळं भाजीबाजारातलं!" बाबा हसले. मीही हसले.

तिसऱ्या खेपेपर्यंत माझं कॉमर्सचं शेवटचं वर्ष आलं होतं. जुन्या बँकेत जाऊन मी त्यांचा भाव विचारून आले आणि कागद घेऊन बाबांसमोर बसले. पेपरातला भाव हा बँकांच्या आपापसातल्या घेण्याच्या आणि विकण्याच्या भावाच्या मधला. तो आपल्याला कुणीच देत नाही, वर थोडं चढवूनच देतात. पण किती चढवतात ते बघायचं. जुनी बँक वीस पैसे चढवत होती आणि पाचशे कमिशन उघड मागत होती. दोन्ही धरून सतराशे रुपये जात होते. नवी बँक कमिशन शून्य सांगून डॉलरमागे नव्वद पैसे चढवत होती. ते होत होते सव्वापाच हजारांच्या वर. शंभरातले जवळजवळ अडीच रुपये! वाटेत मधली एक परदेशी बँक आणखी वीसेक डॉलर कापायची, पण ते दोन्हीकडे सारखंच होतं.

"बाबा, पाचशे वाचवायला आपण साडेतीन हजार जास्त घालवतो. तिकडे दादाला शंभर डॉलर कमी पोचतात."

बाबांनी कागद पाहिला. त्यांना कळलं होतं, आयुष्यभर आकड्यांत वावरलेला माणूस. पण ते एवढंच म्हणाले, "त्या मॅनेजरच्या तोंडाला मी परत लागणार नाही." आणि पुन्हा काचेच्या दाराकडे गेले. मला राग आला. असा राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आज वाटतं, पाचशे रुपये हा बहाणा होता. त्यांना त्या खुर्चीवर बसायचं होतं.

चौथी खेप, म्हणजे शेवटची फी, जायच्या वेळी आई आजारी होती. पोटात गाठ निघाली. उरलेले पैसे औषधांत चालले होते. डॉक्टर म्हणाले, काही महिने. आईने एकच धरलं होतं: पोराला डोळे भरून बघायचं. दादा फोनवर म्हणाला, "तिकिटाची काळजी करू नका, मी साठवलेत. फी भरली की निघतो."

फी गेली, नेहमीच्याच बँकेतून. नेहमीसारखीच कमी पोचली. कॉलेज म्हणालं, पूर्ण भरल्याशिवाय नाव दाखल होणार नाही. दादाने तिकिटाच्या पैशांतले काढून भरले. मागच्या तिन्ही खेपांना त्याने हेच केलं होतं, आम्हाला न सांगता. चारही वेळचं मिळून यायचं तिकीट झालं असतं. जायचं नसतं झालं. पण आईला यायचंच तिकीट हवं होतं.

"पुढच्या महिन्यात येतो गं आई, थोडे जमवतो," तो म्हणाला. आई म्हणाली, "ये सावकाश." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ती एसटीडी बूथच्या बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

डॉक्टरांचे महिने काही खरे निघाले नाहीत. ती त्याच पंधरवड्यात गेली.

दादा आला तो दहाव्याला. मित्रांनी वर्गणी काढून तिकीट काढून दिलं होतं. मावशीने त्याला दारातच कवटाळलं आणि हुंदक्यातच विचारलं, "अरे, मग आधी का नाही मागितलेस रे?" दादा म्हणाला, "आई वारली म्हटल्यावर देतात, मावशी. आईला भेटायचंय म्हणून कसं मागायचं?"

बाबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. दादा त्यांना एका शब्दाने बोलला नाही. पैसे कमी का पोचायचे ते मात्र त्यांनी स्वतःच त्याला सांगितलं, भाव, पैसे, कमिशन, सगळं, एखाद्या परक्याचा गुन्हा सांगावा तसं. दादा म्हणाला, "असू दे, बाबा." त्यावर बाबा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

घरची भाजी मग बाबाच आणायला लागले. एकदा मी बरोबर होते. त्याच भाजीवाल्याने वांगी तोलली, पिशवीत कोथिंबिरीची काडी टाकली आणि म्हणाला, "घ्या काका, फुकट."

बाबांनी ती काडी बाहेर काढली. त्याच्या टोपलीत ठेवली.

"आधी वांग्याचा भाव सांग," ते म्हणाले.

त्याने सांगितला. पण बाबांना घासाघीस करता येत नव्हती. सांगितले तेवढे पैसे देऊन ते वळले.