कवळीताईचा जर्मन नकार

कवळीताईला 'नाही' म्हणता येत नाही, हे तिच्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याचा पुरेपूर फायदा घेत. ती दातांच्या लॅबमध्ये कारागीर होती. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यांवरून ती कॅप, कवळ्या घडवायची, म्हणून गल्लीने तिचं बारसं पुन्हा केलं. एखादा डॉक्टर शनिवारी संध्याकाळी फोन करून म्हणायचा, सोमवारी पेशंटचं लग्न आहे आणि पुढचा दात नाही. की हिचा रविवार गेलाच. हाताला मात्र तोड नव्हती. ब्रशने पोर्सेलिनचे थर चढवून भट्टीतून काढलेली तिची दाढ तोंडात बसली, की आपली कुठली आणि हिची कुठली हे खुद्द मालकालाही सांगता येत नसे.

असं कसब असताना तिथेच का झिजायचं, म्हणून तिने जर्मन शिकायला घेतलं. दिवसभर दात आणि संध्याकाळी क्रियापदं. वरची परीक्षा पास झाली, व्हिडिओवर मुलाखत झाली, आणि तिकडच्या एका छोट्या गावातल्या लॅबच्या मालकीणबाईने चक्क नोकरी देऊ केली. नेमक्या त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला.

बाबा म्हणजे कापडाच्या दुकानात जन्म काढलेला माणूस. समोरच्याला बोलून बोलून तागा विकत घ्यायला लावणारा. आता उजवा हात लुळा पडला होता आणि शब्दांनी असहकार पुकारला होता. पाणी हवं असलं की ते 'चप्पल' म्हणत, आणि लेकीने चप्पल आणून ठेवली की तिच्यावरच भडकत. घरात ही दोघंच. त्यांना टाकून जायचा प्रश्नच नव्हता. पण ही नोकरी कवळीताईला मनापासून हवी होती. निदान वर्षभराने पुन्हा दार ठोठावलं तर बाईंनी ते उघडावं, एवढीच तिची इच्छा होती.

आत्याने सोपा उपाय सुचवला. "नाही कशाला म्हणतेस? उत्तरच देऊ नकोस. कळतं लोकांना." आत्याने आजवर आलेली निम्मी आमंत्रणं याच पद्धतीने निकालात काढली होती.

कवळीताई जर्मनच्या सरांकडे गेली. सर नाकावर चष्मा ओढून तिचा मसुदा वाचू लागले. आभार होते, पुन्हा आभार होते, बाईंच्या लॅबची स्तुती होती, बाबांचा रक्तदाब होता, 'बघू', 'जमलं तर' आणि 'कदाचित' होतं. नकार कुठेच नव्हता. सर म्हणाले, हे वाचून बाई तुझी वाट बघत बसतील, आणि वाट बघायला लावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही. तिकडे स्पष्ट 'नाही' म्हणणं हाच सभ्यपणा. आभार एकदा, मग नकार सरळ, कारण एका वाक्यात, आणि शेवटी पुढची आशा.

नकाराला त्यांनी शब्द दिला 'आबझागेन'. त्याआधी 'लायडर', म्हणजे खेदाने. आणि दोन्हींच्या मध्ये एक छोटासा 'डेरत्साइट', म्हणजे सध्या. सर म्हणाले, दार उघडं ठेवणारा शब्द हाच. हा गाळलास तर दार बंद, आणि तीनतीनदा लिहिलास तर लोचटपणा. मग शेवटी लिहायचं, की संपर्कात राहायला मला आवडेल, आणि परिस्थिती बदलली की मी आपल्याला पुन्हा लिहू का? कवळीताईने मेल पाठवली आणि आयुष्यातला पहिला नकार दिल्याच्या दमणुकीने लवकर झोपली.

घोळ झाला तो पुढे. बाईंनी मेल वाचून फोनच केला. कवळीताईचा दात भट्टीत होता आणि हात पोर्सेलिनने पांढरे झाले होते. तरी ती छान बोलली. वडील आजारी आहेत, सध्या येता येणार नाही, खेद वाटतो. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी समजून घेतलं, वडिलांना बरं वाटो म्हणाल्या. आता फक्त फोन ठेवायचा होता. फोनवर निरोप घ्यायचा तिकडचा शब्द तिला पाठ होता. पण भट्टी वाजली, ती गडबडली, आणि माणूस गडबडला की आईच्या भाषेतच सापडतो. आपण निघताना जे म्हणतो तेच तिने जर्मनमध्ये म्हटलं.

"इश कोमे डान." म्हणजे, बरं, येते मग.

पलीकडे बाई आनंदाने ओरडल्याच, की येताय, किती छान, मला फारच बरं वाटलं, आणि फोन ठेवला. भट्टीच्या आवाजात 'किती छान' एवढंच ऐकू आलेल्या कवळीताईला वाटलं, काय प्रेमळ बाई आहेत, नकारालासुद्धा किती खूश होतात. ती त्याच खुशीत भट्टीकडे धावली.

दोन दिवसांनी करारपत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून रुजू, राहायला खोली पाहून ठेवली आहे, स्टेशनवर घ्यायला कोण येईल तेही लिहिलेलं. कवळीताईच्या पायाखालची जमीन सरकली. एकदा नाही म्हणताना जीव गेला होता, आता तेच पुन्हा, आणि तेही हो म्हटल्यावर. बाई आता हिला धरसोडीची समजणार, आणि अशा माणसाला वर्षभराने कोण विचारतं?

सर आधी हसून हसून चष्मा पुसत बसले, मग गंभीर झाले. म्हणाले, सबबी सांगू नकोस, झालं ते लिही. तिने लिहिलं: "आमच्या भाषेत घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जाते म्हटलं तर परत न येण्यासारखं वाटतं. मी लहानपणी 'जाते' म्हटलं की बाबा मला परत बोलावून 'येते' म्हणायला लावत. मी फोन ठेवत होते, येत नव्हते. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागते. सध्या माझा नकारच आहे." सध्या एकदाच.

उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत तिने एका डॉक्टरच्या पेशंटची कवळी उलट्या जबड्याच्या साच्यावर बसवली.

मग उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, की जागा रिकामी ठेवणं मला शक्य नाही, दुसरा माणूस घेतेय. पण पुढच्या वर्षी माझा एक कारागीर निवृत्त होतोय. तेव्हा लिहा. फक्त या वेळी तारीख घाला, म्हणजे तुमचं येणं कुठलं ते मला कळेल.

कवळीताईने पलंगाशी बसून बाबांना पूर्ण पत्र मराठीत करून वाचून दाखवलं, स्वतःच्या फजितीसकट. बाबा वाकड्या ओठाने हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मग डावा हात उचलून मोबाइलकडे बोट केलं आणि कितीतरी वेळ शब्द शोधत राहिले.

"जा," ते म्हणाले.

पुन्हा शब्द चुकला असं तिला वाटलं. ती हळूच म्हणाली, "बाबा, 'ये' म्हणायचं असतं."

बाबांनी चप्पल आणल्यावर करायचे तसा चेहरा केला.

"नाही," ते म्हणाले. त्या घरात इतकं स्वच्छ 'नाही' आजवर कोणी म्हटलं नव्हतं. "नाही. पुढच्या वर्षी. जा."